फोटो काढून उत्तर देणारी ॲप आणि गृहपाठ : पालकांना पाठवायच्या सूचनापत्रात काय असावं

प्रश्न : मी नाशिकरोडच्या एका सेमी इंग्रजी शाळेत या जूनपासून मुख्याध्यापिका आहे. पाचवी ते दहावी. मुलं गृहपाठातल्या प्रश्नाचा मोबाईलवर फोटो काढतात आणि ॲप जे उत्तर देईल ते वहीत उतरवतात. पालकांना सूचनापत्र काढायचं आहे. सरसकट बंदी लिहू का? बंदी नको असेल तर "जबाबदारीने वापरा" म्हणजे नेमकं काय, हे पालकांना कसं सांगू?

उत्तर :

मॅडम, मी गणिताचा शिक्षक. शिकवण्यात २६ वर्षं गेली, त्यातली शेवटची काही मुख्याध्यापक म्हणून, तीही नाशिकमध्येच. याच विषयावर मी दोनदा सूचनापत्र काढलं. पहिलं साफ फसलं, दुसरं बऱ्यापैकी चाललं. त्या दोन्हींतून जे कळलं ते सांगतो.

पहिल्या पत्राची सुरुवात होती "शाळेच्या निदर्शनास आले आहे की" आणि शेवट होता "असे आढळल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल". मध्ये बंदी. पुढच्या आठवड्यात तीन गोष्टी झाल्या. जी मुलं फोटो काढत होती ती तशीच काढत राहिली, फक्त उतरवताना शब्द बदलू लागली आणि मुद्दाम एखादी खाडाखोड ठेवू लागली. काही घरांत फोन कपाटात गेला. त्यामुळे इंग्रजीतला विज्ञानाचा प्रश्न मराठीत करून घेण्याची सोयही गेली, आणि ती खरोखर गरजेची होती. तिसरी गोष्ट माझ्या मनाला सर्वांत जास्त लागली. आठवीतल्या एका मुलीने गृहपाठ द्यायचाच बंद केला. तिला विचारलं तर म्हणाली, "सर, मला येत नाही, आणि फोटो काढला तर तुम्ही कारवाई करणार." ती अगदी सरळ बोलत होती. येत नसेल तर घरी काय करायचं, हे माझ्या पत्रात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

माझ्या मते खरी अडचण अशी आहे. पालक गृहपाठाबद्दल वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत आले आहेत, "झाला का?" पूर्वी या प्रश्नाने काम भागायचं, कारण वही भरलेली असेल तर मुलाने निदान डोकं तरी खाजवलेलं असायचं. आता वही पूर्ण भरलेली, नेटकी आणि बरोबर असली तरी त्यामागे मुलाची दोन मिनिटंच असू शकतात. पालकाला वही पाहून हे कळायला मार्ग नाही. म्हणून सूचनापत्राचं काम एकच : पालकाच्या हातात दुसरा प्रश्न द्यायचा, आणि तो असा की गणित न येणाऱ्या आईलाही विचारता यावा आणि त्याचं उत्तर जोखता यावं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

एक प्रसंग तपशिलात सांगतो, कारण माझं दुसरं पत्र त्यातूनच तयार झालं.

आठवीला 'चलन' हा धडा चालू होता. व्यस्त चलनाचं उदाहरण आमच्या बाईंनी तोंडी सांगून वहीत लिहून घ्यायला लावलं. एक काम १५ मजूर ८ दिवसांत पूर्ण करतात, तर तेच काम १० दिवसांत पूर्ण करायला किती मजूर लागतील? दुसऱ्या दिवशी तीन वह्यांत उत्तर होतं ८.४४ मजूर. मांडणी सुंदर, पायऱ्या व्यवस्थित, भागाकारही बिनचूक. पण ८.४४ मजूर कामावर येतील तरी कसे?

मी एका वहीतला प्रश्न पाहिला आणि उलगडा झाला. ज्या मुलाने फोटो काढला होता त्याला आकडे मिसळून लिहायची सवय होती. बाकीचे आकडे इंग्रजी वळणाचे, पण एक हा अंक मात्र लहानपणापासूनचा देवनागरी. घाईत काढलेला देवनागरी १ आणि इंग्रजी 9 यांत फारसा फरक राहत नाही. ॲपने १५ चे 95 वाचले आणि १० चे 90. मग 95 गुणिले 8 म्हणजे 760, भागिले 90, उत्तर 8.44. यंत्राचं गणित बरोबरच होतं, फक्त ते दुसऱ्याच उदाहरणाचं होतं. तो फोटो आणि ते उत्तर मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं आणि आणखी दोन वह्यांत उतरलं. तिघांपैकी एकालाही ते खटकलं नाही.

मी तिघांना बोलावलं, ओरडलो नाही. योगायोगाने त्यातल्या एकाची आई त्याच वेळी दाखल्यासाठी ऑफिसात आली होती. ती दिंडोरीकडे द्राक्षबागेत छाटणीच्या टोळीबरोबर कामाला जाते. स्वतःच म्हणाली की शाळा चौथीपर्यंतच झाली. मी तिला उदाहरण सांगितलं, मजुरांचा आकडा मुद्दाम सांगितला नाही. म्हटलं, "ताई, एक बाग छाटायला टोळीला आठ दिवस लागतात. मालक म्हणाला, घाई नाही, दहा दिवस घ्या. तर माणसं जास्त लागतील की कमी?" ती लगेच म्हणाली, "कमी लागतील की. पण लई कमी नाही, दोनच दिवस तर वाढलेत. आणि सर, माणूस काय अर्धा येतो का?" मुलगा शेजारीच उभा होता. १५ पेक्षा थोडे कमी आणि पूर्ण माणसं, एवढा अंदाज आईने सूत्राशिवाय दिला. मग मुलाने तिथेच केलं : 15 × 8 = 120, आणि 120 ÷ 10 = 12. बारा मजूर.

त्या दिवशी मला दिसलं की पालकाला गणित येत नाही म्हणून तो गृहपाठ तपासू शकत नाही, हा समज आम्हा शिक्षकांचा आहे. उत्तर बरोबर आहे का हे त्याला कदाचित सांगता येणार नाही. पण मुलाला ते समजलंय का, हे तो नक्की तपासू शकतो. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात. पहिली, वही बंद करून "हे काय विचारलंय ते मला सांग" म्हणायचं. दुसरी, त्यातला एक आकडा बदलायचा आणि "आता कर" म्हणायचं. दहाऐवजी सहा दिवसांत काम हवं असेल तर? ज्याला समजलंय तो 120 भागिले 6 करून वीस सांगतो. तो चुकला तरी "आता माणसं वाढतील" एवढं तरी म्हणतोच. ज्याने नुसतं उतरवलंय तो फोनकडे बघतो. हा फरक कोणत्याही आईला कळतो.

आता ही ॲप चुकतात कुठे, हे थोडं सांगतो. पत्रात ते सविस्तर लिहायचं नाही, पण पालक सभेत कोणीतरी नक्की विचारतं. फोटोवरून उत्तर मिळवताना दोन कामं होतात. आधी यंत्र फोटोतला मजकूर वाचतं, मग सोडवतं. फोटोमॅथसारखं फक्त गणिताचं ॲप समीकरण ठरलेल्या नियमांनी सोडवतं. त्यात आकडेमोड सहसा चुकत नाही, वाचनात चूक होते, वर दिली तशी. चॅटजीपीटीसारखी संवाद करणारी साधनं शाब्दिक उदाहरणंही घेतात आणि कोणत्याही विषयाचं उत्तर देतात. पण त्यांची भाषा इतकी ठाम असते की मधली एखादी पायरी चुकली तरी लक्षात येत नाही. भूमितीत आकृती नुसती काटकोनासारखी दिसते म्हणून काटकोन धरलेला मी पाहिला आहे. मराठी व्याकरणात तर मी मुलांना स्पष्टच सांगतो की प्रयोग ओळखणं, समासाचा विग्रह आणि गण पाडणं यासाठी यावर विसंबू नका. उत्तर आत्मविश्वासाने येतं आणि पुष्कळदा चुकीचं असतं.

यापेक्षा वेगळा एक धोका दहावीच्या पालकांना सांगायलाच हवा. तिथे उत्तर बरोबर असूनही गुण जातात. दहावीच्या बीजगणितात पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. प्रश्नात "क्रेमरच्या पद्धतीने सोडवा" असं असतं, म्हणजे निश्चयक मांडून. ॲपला फक्त दोन समीकरणांचा फोटो दिला तर ते बहुधा एका चलाचा लोप करून x आणि y च्या किमती काढून देतं. किमती त्याच येतात, पण विचारलेली पद्धत नसते. मूल वर्षभर दुसऱ्याच रीतीने उदाहरणं उतरवत राहतं आणि परीक्षेत निश्चयकासमोर थांबतं. तपासताना हे चटकन दिसतं. शिकवलेली रीत एक, वहीतली दुसरी, आणि चार-पाच वह्यांत ती नवी रीत ओळीन ओळ सारखी.

हे सगळं तुमच्या शाळेला जसंच्या तसं लागू होईल असं मात्र मी म्हणणार नाही. तीन गोष्टींवर बरंच अवलंबून आहे.

पहिली म्हणजे इयत्ता. पाचवी ते सातवीच्या मुलाला गणितासाठी फोटोची गरजच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे अपूर्णांक, गुणाकार, भागाकार यांचा हात बसायचा असतो, आणि हात बसायला कागदच लागतो. त्या वयात फोन मोठ्या माणसाच्या हातात राहावा आणि एखादा इंग्रजी शब्द किंवा प्रश्न मराठीत समजून घेण्यापुरता वापरावा. आठवीपासून पुढे तेवढं ताणू नये. तिथे मुलं वापरणारच, म्हणून वापराचा क्रम शिकवणं शहाणपणाचं.

दुसरी, फोन कोणाचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांच्या घरी बहुतेकदा एकच चांगला फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. दुसरी पाळी सुटून ते घरी येईपर्यंत रात्रीचे दहा-साडेदहा वाजतात. तेव्हा मूल झोपेला आलेलं असतं आणि फोन हातात असतो दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत पाच फोटो काढून उतरवण्याशिवाय त्याच्याकडून दुसरं काही होणार नाही. उलट गंगापूर रोडवरच्या एखाद्या घरात मुलाचा स्वतःचा फोन असतो आणि खोलीचं दार बंद असतं. दोन्ही घरांत जाणारं पत्र एकच असलं, तरी ते दोघांना उपयोगी पडेल असं लिहावं लागतं.

तिसरी, क्लास. अनेक मुलं संध्याकाळी क्लासला जातात आणि तिथूनही सोडवलेल्या उत्तरांचे फोटो येतात. ते फोटो माणसाने सोडवलेले असले तरी मुलाच्या बाबतीत परिणाम तोच. म्हणून पत्रात ॲपचं नाव घेऊन थांबू नका. "दुसरीकडून आयतं आलेलं उत्तर" असा शब्दप्रयोग ठेवा. कोणत्याही एका ॲपची शिफारसही करू नका. आज फुकट असलेलं ॲप उद्या पैसे मागतं किंवा जाहिराती दाखवू लागतं, आणि मग पालक म्हणतात की शाळेनेच सांगितलं होतं.

आमचं दुसरं पत्र असं होतं. हवं तर यातूनच तुमचं तयार करा, भाषा मात्र साधीच ठेवा.

"प्रिय पालक, आपला पाल्य गृहपाठ करताना प्रश्नाचा फोटो काढून मोबाईलवर उत्तर शोधत असेल, तर शाळा त्याला शिक्षा करणार नाही. मात्र क्रम पाळावा, ही विनंती. आधी प्रश्न वहीत लिहून स्वतः प्रयत्न करावा, निदान दहा मिनिटं. अर्धवट राहिला तरी तो प्रयत्न खोडू नये. त्यानंतरच फोटो काढावा. ॲपने प्रश्न बरोबर वाचला आहे का, आकडे तेच आहेत का, हे आधी पाहावं. उत्तर वाचून समजलं की फोन बाजूला ठेवावा आणि न बघता पुन्हा सोडवावं. अशा उदाहरणाच्या समासात 'फो' असं लिहून त्याभोवती गोल करावा. 'फो' लिहिल्यामुळे गुण कमी होणार नाहीत.

"निबंध, पत्रलेखन, स्वमत आणि विज्ञानाच्या प्रयोगवहीतली निरीक्षणं यांसाठी आयतं उत्तर घेऊ नये. तिथे मुलाचं स्वतःचं वाक्यच आम्हाला पाहायचं आहे, ते मोडकंतोडकं असलं तरी चालेल.

"आपण आठवड्यातून दोनदा पाच मिनिटं द्यावीत. वही बंद करून एक उदाहरण विचारावं, 'यात काय विचारलंय?' मग एक आकडा बदलून 'आता कर' म्हणावं. उत्तर बरोबर आहे का ते आम्ही पाहू. मूल बोलू शकतं का, एवढंच आपण पाहावं. अडलं तर वहीत 'अडलं' असं लिहून सही करावी, दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा समजावून सांगू."

एवढंच. मागच्या बाजूला पालकांनी भरायची छोटी पावती होती, तिच्याकडे शेवटी येतो. पत्र कागदावर दिलं, कारण व्हॉट्सॲपवर आलेलं पत्र फोन ज्याच्याकडे असतो तोच वाचतो, आणि बऱ्याच घरांत गृहपाठाला बसवणारी व्यक्ती वेगळी असते. अंबडकडच्या कामगार वस्तीतून हिंदी बोलणाऱ्या घरांची मुलं आमच्याकडे होती, म्हणून हिंदीतही एक प्रत काढली.

पत्रातल्या दोन गोष्टींवर आमच्याच शिक्षकांनी हरकत घेतली होती. तुमच्याकडेही घेतली जाईल, म्हणून त्यामागचा विचार सांगतो.

पहिली हरकत 'फो'वर होती. "सर, म्हणजे आपण परवानगीच देतोय." मी म्हटलं, आपण माहिती मागतोय. एकदा एका वर्गाच्या वह्या तपासताना बाईंना दिसलं की एकाच उदाहरणासमोर निम्म्याहून जास्त मुलांनी 'फो' लिहिलंय आणि बाकी उदाहरणांसमोर जवळजवळ नाहीच. ते उदाहरण काम आणि वेळेचंच होतं, पण त्यात मध्येच चार मजूर काम सोडून जातात. वर्गात त्या प्रकारचं एकही उदाहरण झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यावर अर्धा तास दिला. बंदी असती तर त्या वह्यांत फक्त बरोबर उत्तरं दिसली असती आणि धडा समजलाय असं धरून आम्ही पुढे गेलो असतो. मात्र एक अट कसोशीने पाळावी लागते. 'फो' लिहिलेल्या मुलाला वर्गात कोणी टोमणा मारता कामा नये, शिक्षकाने तर नाहीच. एकदा जरी "बघा, यांचा फो" असं झालं की दुसऱ्या दिवसापासून वह्यांतून ते अक्षर नाहीसं होतं आणि फोटो मात्र तसेच चालू राहतात.

दुसरी हरकत होती वेळेची. पन्नास वह्या, त्यात हे कोण बघणार? तिथे मी तासाची पहिली पाच मिनिटं मागून घेतली. कालच्या गृहपाठातलं एकच उदाहरण, आकडे बदलून फळ्यावर. वह्या बंद, कोऱ्या अर्ध्या पानावर चार मिनिटांत सोडवायचं. त्याला गुण नाहीत, फक्त कागद गोळा करायचे आणि चाळायचे. पन्नास अर्धी पानं चाळायला दहा मिनिटं लागतात. पन्नास वह्या तपासण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं. महिन्याभरात मुलांना उमगलं की घरी नुसतं उतरवून फायदा नाही, सकाळी तेच उदाहरण नव्या आकड्यांनी समोर येतं. शिक्षा कुठेच नव्हती, तरी घरातला क्रम बदलला. खरं सांगायचं तर पत्राचा निम्मा जोर या पाच मिनिटांत आहे. शाळेत हे होणार नसेल तर पत्र कितीही चांगलं लिहा, दोन आठवड्यांत ते विसरलं जातं.

दहावीसाठी यात थोडा बदल करा. गणिताला बोर्डाचे भाग १ आणि भाग २ चे ४०-४० गुण लेखी आणि २० अंतर्गत, आणि त्या २० मध्ये गृहपाठही धरला जातो. तिथे "फोटो काढला तरी गुण कमी होणार नाहीत" हे वाक्य सरसकट लिहिलंत तर अडचणीत याल. आम्ही दहावीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं की रोजच्या सरावाला 'फो' चालेल, पण अंतर्गत गुणांसाठी मोजला जाणारा गृहपाठ वर्गातच, शिक्षकांसमोर लिहून घेतला जाईल. त्यामुळे काय मोजलं जाणार आणि काय नाही, याबद्दल पालकांच्या मनात शंका राहिली नाही.

फोटोबद्दल आणखी एक गोष्ट अनेक शाळांच्या पत्रांतून सुटते. मूल प्रश्नाचा फोटो काढतं तेव्हा चौकटीत प्रश्नाशिवाय बरंच काही येतं. वहीवरचं नाव, शाळेचं नाव, इयत्ता, तुकडी, कधी मागे बसलेली धाकटी बहीण. आमच्याकडे एका मुलाने आईचं आधार कार्ड ठेवलेल्या टेबलावरच वही उघडून फोटो काढला होता. कार्डावरचा क्रमांक स्पष्ट दिसत होता आणि तो फोटो ग्रुपवर सगळ्यांकडे गेला होता. म्हणून पत्रात एक वाक्य वाढवा : फोटोत फक्त प्रश्न यावा, बाकी कापून टाकावं, आणि प्रगतिपुस्तक किंवा ओळखपत्राचा फोटो कोणत्याही ॲपला देऊ नये. खातं उघडायचं असेल तर ते पालकांच्या समोर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलं आहे. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींतही १३ वर्षांखालच्यांना परवानगी नाही आणि १८ पर्यंत पालकांची संमती हवी. मुलं वय खोटं टाकून खातं उघडतात, हे पालकांना माहीत नसतं. ते सभेत सांगा, पत्रात लांबण लावू नका.

पत्र पाठवायची वेळही पाहा. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात पाठवलंत तर पालकांना वाटतं की कोणीतरी कॉपी करताना सापडलं. आम्ही पहिल्या पालक सभेत मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिथेच ते मजुरांचं उदाहरण पालकांना दिलं, मजुरांचा आकडा न सांगता. मागच्या बाकावरचे दोन-तीन वडील, जे एरवी सभेत एक शब्द बोलत नाहीत, ते पटापट उत्तरं देऊ लागले. एक बांधकामावर गवंडी होते. त्यांनी तर विचारलं, "आठ दिवसांचं काम दहा दिवसांत करायचं तर मालक रोजंदारी देईल की ठेका?" ते आमच्या धड्यात नव्हतं, पण घरी मुलाशी याच धड्यावर ते बोलू शकतील याची मला त्या क्षणी खात्री पटली.

आता ती पावती. पत्राच्या मागे सहीच्या जागेच्या वर आम्ही दोनच प्रश्न छापले होते : "घरी मुलाच्या हातात फोन साधारण किती वाजता येतो?" आणि "त्याला गृहपाठाला कोण बसवतं?" पावत्या परत आल्या तेव्हा एका तुकडीत इतक्या घरांनी "रात्री दहानंतर" लिहिलं होतं की आम्हाला वेळापत्रकाकडे बघावं लागलं. त्या वर्गाचा गणिताचा तास रोज शेवटचा होता, गृहपाठ शाळा सुटताना मिळायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा. आम्ही तास मधल्या सुट्टीच्या आधी आणला, गृहपाठ पाच उदाहरणांवरून तीनवर आणला आणि द्यायला दोन दिवस दिले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनेक पावत्यांवर "आजी" असं होतं. म्हणून पुढच्या सभेच्या निमंत्रणावर आम्ही आजी-आजोबांचाही उल्लेख केला. तुमच्या पत्राच्या मागे हे दोन प्रश्न नक्की ठेवा, आणि पावत्या आल्या की वर्गशिक्षकांबरोबर बसून एकदा सगळ्या वाचा.